समजून घेऊ या : तीन फुटांचे नाताळचे झाड भरगच्च कसे दिसते? कपाशीची बोंडे त्यावर लावावीत का?

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या जनरल स्टोअर्समध्ये लांबट खोक्यांतली प्लॅस्टिकची झाडे दिसू लागतात. बहुतेक झाडे दोन ते चार फुटांची असतात. खोक्यावरच्या चित्रात झाड हिरवेगार आणि गच्च असते. घरी खोके उघडले की हातात येतो एक हिरवा दांडा आणि त्याला चिकटून बसलेल्या काटकुळ्या फांद्या. दोन-चार गोळे अडकवले, चमकीची माळ गुंडाळली, तरी मधला दांडा दिसतच राहतो. नाताळच्या आधीच्या रात्रींत मंडळीची गायनपथके घरोघर येतात, प्रार्थना होते, चहा होतो, आणि झाड ठेवलेला तो कोपरा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. मग पुढच्या वर्षी मोठे झाड आणू, असे ठरते.

खरे तर बहुतेक वेळा झाड बदलण्याची गरज नसते. तीन फुटांचेच झाड वेगळ्या क्रमाने सजवले, तर ते चित्रातल्यासारखे नाही, पण त्याच्या बरेच जवळ जाते. आणि त्यासाठी लागणारी सर्वांत उपयोगी वस्तू बीड जिल्ह्यात दुकानात नव्हे, शेतात मिळते.

आपल्याकडे झाड प्लॅस्टिकचेच का?

नाताळला झाड सजवण्याची रीत जर्मनीतून आली. इंग्लंडमध्ये ती घरोघर पोहोचली ती राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या सजवलेल्या झाडाचे चित्र १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापून आल्यानंतर. मिशनऱ्यांबरोबर ही रीत भारतात आली. बीडच्या शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. पण युरोपातली ती सूचिपर्णी झाडे दख्खनच्या पठारावर उगवत नाहीत. कोकणात आणि वसईकडे सुरूच्या फांदीवर काम भागते. बालाघाटच्या डोंगरात बोरी, बाभळी आणि सीताफळी. कुंडीतली मोरपंखी काही घरांत सजवली जाते, पण तिची पाने इतकी दाट आणि उभी असतात की गोळा आत अडकवायला जागाच मिळत नाही. त्यामुळे प्लॅस्टिकचे झाड.

कृत्रिम झाडही नवे नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हंसाची पिसे हिरवी रंगवून तारेभोवती गुंडाळत आणि त्या तारांचे झाड करत. आजच्या झाडाची रचना तशीच आहे, पिसांच्या जागी प्लॅस्टिकची कातरलेली पट्टी आली एवढेच. दोन तारांच्या मध्ये ती पट्टी धरून तारांना पीळ देतात. बाटली धुण्याचा ब्रश जसा बनतो तसेच. ही रचना लक्षात ठेवली की पुढचे सारे सोपे होते. फांदीच्या आत तार आहे, म्हणजे ती वाकवली तशी राहते. आणि तार आहे म्हणूनच ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते.

झाड विरळ का दिसते?

एक नेहमीचे तीन फुटी झाड घेऊ. त्याला ३६ फांद्या आहेत आणि प्रत्येक फांदीला तीन टोके, असे धरू. म्हणजे १०८ टोके. खोक्यात मावावे म्हणून कारखान्यात ही सगळी टोके एकमेकांवर दाबलेली असतात. घरी आपण फांद्या खाली ओढतो, पण टोके तशीच चिकटलेली राहतात. म्हणजे १०८ टोकांचे झाड आपल्याला ३६ टोकांचे दिसते. सजावट कमी पडते असे वाटते, त्याचे मूळ बहुधा इथे असते.

टोके उकलण्याचे काम सावकाश करायचे. खोके आदल्या दिवशी उघडून झाड घरातच उभे करून ठेवावे. थंडीत प्लॅस्टिक ताठरलेले असते, रात्रभरात ते थोडे सैल होते. उन्हात तापवू नये, केस वाळवायचे यंत्र तर मुळीच लावू नये. पट्टी आकसली की ती पुन्हा सरळ होत नाही.

सुरुवात सर्वांत खालच्या ओळीपासून आणि प्रत्येक फांदीत दांड्याकडून बाहेर. फांदी बुडाशी धरायची. दांड्याच्या सर्वांत जवळचे टोक आधी वर उचलायचे, त्यामुळे दांडा झाकला जातो. दुसरे टोक डावीकडे आणि थोडे खाली, तिसरे सरळ पुढे. शेजारच्या फांदीत दुसरे टोक उजवीकडे. अशी आलटून पालटून दिशा दिली की दोन फांद्यांमधली पोकळी दोन्हीकडून भरत जाते. सगळी टोके पंख्यासारखी एकाच पातळीत पसरवली, तर झाड वरून भरलेले आणि समोरून ओळीओळींचे दिसते. ही चूक फार जण करतात. टोके वर-खालीही गेली पाहिजेत.

फांद्यांचा कोन उंचीप्रमाणे बदलतो. खालच्या फांद्या जवळजवळ आडव्या, मधल्या थोड्या उचललेल्या, वरच्या तिरप्या उभ्या. खऱ्या झाडात जुनी फांदी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि कोवळी वर पाहते, म्हणून डोळ्याला हे पटते. सगळ्या फांद्या एकाच कोनात ठेवल्या की झाड छत्रीच्या सांगाड्यासारखे दिसते.

एका टोकाला वीस सेकंद धरले तरी १०८ टोकांना ३६ मिनिटे लागतात. पाच मिनिटांत हे काम झाले असे वाटत असेल, तर ते झालेले नाही. जुने हातमोजे किंवा हाताला कापड असावे, कारण पट्टीच्या कडा आणि तारेची टोके बोचतात. झाले की सात-आठ पावले मागे जाऊन मोबाइलवर झाडाचा फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून पाहावा. रंग गेले की पोकळ्या उघड्या पडतात. मागची भिंत जिथे स्वच्छ दिसते, तिथे अजून टोके वळवायची आहेत.

झाड कुठे आणि कशावर ठेवायचे?

तीन फुटांचे झाड जमिनीवर ठेवले की आपण त्याच्याकडे वरून पाहतो आणि त्याचा विरळ शेंडा आणि मधला दांडा तेवढा दिसतो. दीड-दोन फूट उंच स्टुलावर ठेवले की बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर झाडाचा मधला भाग येतो. बहुतेक घरांत पाहुणे खुर्चीवर किंवा सतरंजीवर बसतात, तेव्हा उंची त्यांच्या डोळ्यांवरून ठरवावी.

लहान झाडाचा प्लॅस्टिकचा तिपाई पाया हलका असतो. पंख्याच्या वाऱ्याने किंवा मुलाच्या धक्क्याने झाड कलंडते. पाया एका पाटीत किंवा बादलीत ठेवून आजूबाजूला दगड-गोटे भरावेत आणि वर पोत्याचा तुकडा गुंडाळावा. यामुळे झाडाची उंची चार-सहा इंचांनी वाढते, हा वरचा फायदा.

झाड कोपऱ्यात असेल तर मागच्या फांद्या कोणाला दिसणारच नाहीत. भिंतीकडच्या दहा-बारा फांद्या बुडाशी हलकेच वळवून डाव्या-उजव्या बाजूंना आणाव्यात. समोरून पाहणाऱ्याला त्याच झाडात फांद्या वाढल्यासारख्या वाटतात. ज्यांच्या खोलीत झाडाभोवती फिरायला जागा आहे, त्यांनी मात्र हे करू नये.

गोळे किती, कोणत्या मापाचे आणि कुठे?

झाड शंकूच्या आकाराचे असते. त्याच्या उंचीचे तीन सारखे भाग केले, तर वरच्या, मधल्या आणि खालच्या भागाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे प्रमाण १ : ३ : ५ असे येते. शाळेतल्या भूमितीचाच हा हिशेब आहे. म्हणजे वरच्या भागात एक गोळा लागला तर मधल्या भागात तीन आणि खालच्या भागात पाच हवेत. प्रत्यक्षात आपण उभे राहून सजवतो, हात आधी वर जातो आणि निम्मे सामान वरच्या फूटभरातच संपते. खाली झाड उघडे आणि वर ओझे, असे दृश्य त्यामुळे तयार होते.

सगळीकडून दिसणाऱ्या तीन फुटी झाडासाठी ४५ गोळे धरू. वर ५, मध्ये १५, खाली २५. यात तीन मापे असावीत. साधारण सहा सेंटिमीटरचे मोठे ९, चार सेंटिमीटरचे मध्यम १६ आणि अडीच-तीन सेंटिमीटरचे लहान २०. मोठे गोळे खालच्या भागात सहा आणि मधल्या भागात तीन, वर एकही नाही. मध्यम गोळे खाली दहा, मध्ये पाच, वर एक. लहान खाली नऊ, मध्ये सात, वर चार. कोपऱ्यातल्या झाडाला यातले दोन-तृतीयांश पुरतात. आठ सेंटिमीटरचे मोठे गोळे दुकानात उठून दिसतात खरे, पण तीन फुटी झाडाची फांदी त्यांनी वाकते आणि झाड आणखी लहान भासते.

मापापेक्षाही खोली महत्त्वाची. सगळे गोळे टोकांवर लटकवले की ते एका पातळ्याशा पडद्यावर चिकटवल्यासारखे दिसतात आणि मागची पोकळी तशीच राहते. मोठे गोळे आत, दांड्यापासून चार बोटांवर टांगायचे. ते पूर्ण दिसले नाहीत तरी चालेल. त्यांचे काम पोकळी अडवण्याचे आणि आतून प्रकाश परतवण्याचे आहे. यासाठी ओरखडे पडलेले, रंग उडालेले जुने गोळेही चालतात. मध्यम गोळे फांदीच्या मध्यावर, आणि लहान, चांगले, नवे गोळे टोकांवर. आतला गोळा बिनचमकीचा आणि गडद, बाहेरचा चकचकीत, असे ठेवले तर झाडाला आत-बाहेर आहे असे वाटते.

गोळ्याचा लांब दोरा हा आणखी एक शत्रू. दोऱ्याने गोळा दोन इंच खाली लोंबतो आणि खालच्या फांदीवर टेकतो. दोरा काढून फांदीचे टोकच गोळ्याच्या कडीतून ओवून त्याला एक पीळ द्यावा. गोळा फांदीला लागून बसतो, मांजराने पंजा मारला तरी पडत नाही. पीळ हलका असावा, काढताना तेच टोक पुन्हा सरळ करायचे आहे.

मग दिव्यांची माळ आणि रिबीन कधी?

क्रम असा : टोके उकलणे, दिवे, आतले मोठे गोळे, रिबीन, बोंडे आणि इतर भराव, मग मध्यम व लहान गोळे, शेवटी शेंड्यावरची चांदणी. दिवे नंतर लावायला गेलो तर वायर गोळ्यांवरून जाते आणि सगळे काम विस्कटते.

पाच मीटरची, हिरव्या वायरची, पिवळसर प्रकाशाची एलईडी माळ या झाडाला पुरे. लावण्याआधी ती जमिनीवर पसरून अर्धा तास चालू ठेवावी. बंद पडणारा भाग तेव्हाच कळतो. प्लग खालच्या बाजूला ठेवून खालून सुरुवात करायची. प्लगजवळचा अर्धा मीटर सोडला तर साडेचार मीटर उरतात, आणि तेच १ : ३ : ५ चे प्रमाण लावले तर खालच्या भागाला अडीच, मधल्याला दीड आणि वरच्याला अर्धा मीटर येतो. म्हणजे झाडाच्या एक-तृतीयांश उंचीवर पोहोचेपर्यंत निम्म्याहून अधिक माळ संपलेली असली पाहिजे. तेवढी संपली नसेल तर उलगडून पुन्हा लावा. माळ झाडाभोवती गोल गुंडाळायची नाही. फांदीवरून टोकापर्यंत न्यायची, परत दांड्यापर्यंत आणायची, मग पुढच्या फांदीवर. आत पेटलेला दिवा दांड्यावर पडलेली काळोखी काढतो.

रिबिनीचे बहुतेक झाडांवर जे होते, त्याला पट्टी बांधणे म्हणावे. वरून खाली गोल फिरवलेली रिबीन फांद्या दाबते, झाड बारीक करते आणि त्यावर आडवे पट्टे पाडते. त्याऐवजी रिबिनीचे ३० सेंटिमीटरचे तुकडे करावेत. असे १३ तुकडे म्हणजे चार मीटरपेक्षा थोडी कमीच रिबीन लागते. प्रत्येक तुकड्याचे एक टोक आत, दांड्याजवळच्या फांदीत खोचायचे, तिथल्याच हिरव्या टोकाने त्याला पीळ द्यायचा, रिबिनीला बाहेर एक सैल फुगा आणायचा आणि दुसरे टोक चार बोटे खाली व जरा बाजूला पुन्हा आत खोचायचे. खाली सात, मध्ये चार, वर दोन. फुगे एका रेषेत येऊ देऊ नयेत. पाहणाऱ्याला एकच लांब रिबीन झाडातून आत-बाहेर वाहत गेल्यासारखी वाटते, आणि जिथे सर्वांत मोठे भोक आहे तिथे नेमका फुगा बसवता येतो. रुंदी अडीच ते चार सेंटिमीटर. त्याहून रुंद रिबीन या झाडाला मोठी होते.

कडेला तार असलेली रिबीन फुगा धरून ठेवते. ती मिळाली नाही तर जुन्या साडीचा काठ चांगले काम देतो. जुन्या जरीकाठाचा लाल-सोनेरी रंग हिरव्यावर उठून दिसतो, आणि आजीच्या लुगड्याचा काठ झाडावर असणे यात मला तरी दुकानाच्या रिबिनीपेक्षा अधिक गोडवा वाटतो. काठाला खळ करून कडक इस्त्री करावी आणि मागच्या बाजूला कडेने बारीक तार गोंदाने चिकटवून रात्रभर वाळू द्यावी. कापलेल्या कडा सुटतात. काठ कृत्रिम धाग्याचा असेल तर कड मेणबत्तीजवळून क्षणभर नेली की वितळून बंद होते. सुती किंवा रेशमी असेल तर ती वितळत नाही, जळते. तिथे गोंदाचे बोटच फिरवावे.

कपाशीची बोंडे का आणि कशी?

झाड खरे वाटण्यात एक अडचण उरते. प्लॅस्टिकची फांदी, प्लॅस्टिकचा गोळा, प्लॅस्टिकची माळ : सगळ्याचा पोत एकच. कितीही लावले तरी ते बाजारातून आणल्यासारखे दिसते. म्हणून परदेशात पोकळी भरायला सूचिपर्णी झाडांची फळे, सुकलेली बेरीची डहाळी असे काही खोचतात आणि दुकाने त्याचेही प्लॅस्टिक विकतात. बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या पट्ट्यात ऑक्टोबरपासून कपाशी फुटते. पूर्ण उमललेले बोंड, त्याचे सुकून लाकडासारखे झालेले तपकिरी टरफल आणि खाली वीतभर काडी, एवढे घेतले की बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही भरावापेक्षा ते सरस ठरते. पांढरा ठिपका लांबून बर्फाचा भास देतो आणि तपकिरी टरफल जवळून खऱ्या झाडाचा.

सुटा कापूस पिंजून फांद्यांवर पसरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती सोडून द्यावी. एक तर तो बर्फासारखा न दिसता जळमटांसारखा दिसतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे, त्याकडे पुढे येऊ.

तीन फुटी झाडाला १८ बोंडे पुरतात. पुन्हा तेच प्रमाण : वर दोन, मध्ये सहा, खाली दहा. काडी सात-आठ सेंटिमीटर ठेवून कापायची. फांदी ज्या दिशेने वाढते त्याच दिशेने ती आत सरकवायची आणि फांदीच्या एका टोकाने दोन वेढे द्यायचे. काडी फांदीला आडवी गेली की बोंड खोचलेले कळते, फांदीबरोबर गेली की तिथेच फुटलेले वाटते. एकेक बोंड समान अंतरावर लावू नये. दोन एकत्र, मग रिकामी जागा, मग तीन, असे झुबके करावेत. शेतातही ती अशीच दिसतात.

बोंडांबरोबर आणखी एखादी गोष्ट हवी असेल तर वाळलेली बाजरीची कणसे छान दिसतात. चार-पाच पुरेत, उभी आणि वरच्या भागात. सीताफळाच्या झाडावर हंगामानंतर काही फळे वाळून काळी, खडबडीत आणि हलकी होऊन लटकत राहतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या बीडच्या सीताफळाचा हा टाकाऊ भाग खालच्या फांद्यांवर सूचिपर्णीच्या फळासारखाच दिसतो. त्यावर पांढरी पावडर असेल तर तो पिठ्या ढेकूण आहे, ते फळ घेऊ नये. पण तिन्ही-चारही प्रकार एकाच झाडावर नकोत. भराव दोन प्रकारचा झाला की पुरे, नाही तर ते झाड न राहता प्रदर्शन होते.

बोंडांमुळे धोका कोणता?

पहिला धोका शेताचा. गुलाबी बोंडअळी बोंडात आणि सरकीत सुप्तावस्थेत राहते. म्हणूनच कृषी विभाग डिसेंबरनंतर फरदड घेऊ नका, कपाशीचे अवशेष शेतात रचून ठेवू नका, असे दर वर्षी सांगतो. डिसेंबरच्या अखेरीस झाडावर राहिलेली बोंडे बहुधा याच अळीने सोडलेली, अर्धवट फुटलेली असतात. सजावटीसाठी ती घेऊ नयेत. पहिल्या-दुसऱ्या वेचणीच्या वेळचीच चांगली, पाचही पाकळ्यांसारखी पूर्ण उमललेली बोंडे काडीसह कापून ठेवावीत. ज्यांचे शेत नाही त्यांनी ओळखीच्या शेतकऱ्याला ऑक्टोबरमध्येच सांगून ठेवावे.

बोंड निवडताना टरफलाला बारीक गोल छिद्र आहे का, कापूस पिवळट डागाळलेला, म्हणजे कवडी आहे का, दोन सरक्या एकमेकींना चिकटल्या आहेत का, हे पाहावे. यातले काहीही दिसले तर ते बोंड बाद. उरलेली दोन दिवस कडक उन्हात वाळवून पारदर्शक पिशवीत तोंड घट्ट बांधून चार-पाच दिवस ठेवावीत. पिशवीत विष्ठेचे कण किंवा गुलाबी अळी दिसली तर सगळीच टाकून द्यावीत. ही चाचणी पूर्ण नाही. सरकीच्या आत सुप्त बसलेली अळी तेवढ्यात बाहेर येईलच असे नाही. म्हणून सण झाल्यावर बोंडे उकिरड्यावर किंवा शेताच्या बांधावर फेकू नयेत, मूठभर बोंडे चुलीत घालावीत.

दुसरा धोका आगीचा. झाडाचे प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असते. ते सहज पेट घेत नाही, पण पेटवले गेले तर त्याचा धूर घसा आणि डोळे जाळणारा असतो. कापूस मात्र ठिणगीने पेटतो आणि ज्योत काही क्षणांत पसरवतो. सुट्या कापसाच्या थराला आग लागली तर ती झाडभर जाते. टरफलात घट्ट बसलेली, एकमेकांपासून दूर असलेली १८ बोंडे त्यापेक्षा कमी धोक्याची, पण निर्धोक नव्हेत. म्हणून बोंडे लावलेल्या झाडावर जुन्या पद्धतीची, काचेच्या बारीक बल्बांची सिरीज नको. ते बल्ब हाताला चटका देण्याइतके तापतात. एलईडी दिवा तापत नाही, तरी त्याचा ॲडॉप्टर आणि वायरचे जोड तापू शकतात. ते झाडाबाहेर, जमिनीवर आणि पोत्याच्या तुकड्यापासून दूर ठेवावेत. दिवा आणि बोंड यांत दोन बोटांचे अंतर असावे.

प्रार्थनेच्या वेळी मेणबत्त्या लावल्या जातात. त्या झाडाच्या टेबलावर नकोतच, दुसऱ्या भिंतीशी असाव्यात. वीज जाऊन परत येते तेव्हा दाब वर-खाली होतो, म्हणून वीज गेल्यावर माळेचा प्लग काढून ठेवणे चांगले. झोपताना तर काढायचाच. अर्ध्या रात्री झाड कोणी पाहत नाही.

काम जमले की नाही, हे कसे ओळखायचे?

दिवे बंद करून दारातून पाहावे. प्रकाशात सगळेच झाड बरे दिसते, दोष दिवसा कळतो. दांडा कुठे दिसतो आहे का? दिसत असेल तर तिथे गोळा लावण्याआधी आतले टोक वर वळवून पाहावे. नजर आधी एकाच गोळ्यावर जाते का? तो बहुधा फार मोठा किंवा फार बाहेर आहे, आत सरकवावा. आडवे पट्टे दिसतात का? रिबिनीचे फुगे एका पातळीत आले आहेत. झाड एका बाजूला झुकले असेल तर पाया हलवण्याआधी त्या बाजूचे दोन मोठे गोळे दांड्याजवळ घ्यावेत, बहुतेक वेळा तेवढ्याने ते सरळ होते.

रंगांची संख्या मर्यादित असावी. बोंडांचा पांढरा आणि टरफलाचा तपकिरी आधीच आलेला असतो, त्यावर लाल आणि सोनेरी एवढे पुरते. गणपतीच्या आराशीतली निळी-गुलाबी झिरमिळी शिल्लक आहे म्हणून ती इथे वापरण्याचा मोह होतो. तिची जागा दारावर आहे.

सहा जानेवारीच्या सुमारास झाड उतरवताना क्रम उलटा : आधी चांदणी व गोळे, मग बोंडे, रिबीन आणि शेवटी दिवे. रिबिनीचे तुकडे सरळ करून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावेत. फांद्या खालून वर दुमडाव्यात, पण टोके पूर्ण दाबून बसवू नयेत. खोक्यात झाड मावत नसेल तर जुनी चादर गुंडाळून ते माळ्यावर उभे ठेवावे. दर वर्षी तार त्याच जागी दुमडली आणि उघडली गेली की चार-पाच वर्षांत फांद्या बुडाशी तुटायला लागतात. तुटलेली फांदी फेकून देऊ नये. पुढच्या वर्षी ती बारीक तारेने दांड्यालाच, सर्वांत मोठे भोक असेल तिथे बांधता येते. माळ्यावर उंदीर असतील तर झाडावर एकही बोंड राहिलेले नाही, एवढे ठेवण्यापूर्वी पाहून घ्यावे. सरकीच्या वासाने ते आधी तिथेच येतात.